याद्यात नोकरीचं का नाही लिहीत?

मा. संपादक,

माझी भाची नर्स आहे, सासर अन दवाखाना दोन्ही लातुरातच. याद्या करायला दोन तास बसलो आम्ही, मानपान, आहेर, हॉलचं लाईटबिल कोण भरणार इथपर्यंत कागदावर आलं, पण पोरगी नोकरी करणार का सोडणार हे कोणीच विचारलं नाही, मी पण नाही. बायोडाटात नोकरी लिहिलेली म्हणून आम्ही समजलो चालतंय, त्यांना वाटलं लग्न झालं की सोडंलच. महिन्यातच नाईट ड्युटीवरून भांडण. विहीणबाई म्हणतात, "आम्ही कुठं हो म्हणलं होतं?" खरंय, नाही पण म्हणलं नव्हतं. जावई गप्प. धाकटीच्या याद्या दिवाळीनंतर हायत, यावेळी पहिली ओळ नोकरीची, नाईट ड्युटीसकट.

- एक मामा, लातूर