फुलका गॅसवर का फुगत नाहीये

प्रिय छोटी,

तू पाठवलेला व्हिडिओ परत परत बघितला. कणीक छान मऊ आहे, त्यात काही बदलू नकोस. गडबड तव्यावर होतेय. तू पहिली बाजू तपकिरी डाग पडेपर्यंत ठेवतेस, तिथेच फुलका बिघडतो.

कसं आहे बघ, फुलका आतल्या पाण्याच्या वाफेने फुगतो. दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रा धरला पाहिजे पण मधे ओल राहिली पाहिजे, मग आचेवर त्या ओलीची वाफ होते आणि पदर सुटतात. पहिली बाजू जास्त भाजली की ती कडक होते, ताणली जात नाही, कुठेतरी चिरते आणि वाफ तिथून निघून जाते, आणि तुझ्या हातात पापड राहतो. म्हणून पहिली बाजू फक्त १५ सेकंद ठेव, कच्च्या पिठाचा ओला रंग जाऊन फिकट दिसला आणि बारीक फोड यायला लागले की लगेच उलट. दुसरी बाजू मात्र निवांत, ३० ते ४० सेकंद, सगळीकडे हलके डाग येईपर्यंत. मग चिमट्याने कडेला अलगद धरून पहिली, म्हणजे कमी भाजलेली बाजू खाली करून थेट आचेवर टाक. चिमट्याचं टोक रुतवू नकोस, भोक पडलं की संपलं.

आता व्हिडिओतला तो अर्धाच फुगलेला फुलका. तो लाटण्यामुळे तसा झालाय, तुझ्या लाटण्याचा जोर एकाच बाजूला पडतोय. पातळ भाग तव्यावरच वाळतो, जाड भाग आत कच्चा राहून चिकटलेला असतो, मग वाफ सगळीकडे पसरणार कशी? थोडं लाटलं की फुलका जरा फिरवायचा, आणि शेवटी जोर कडेवर द्यायचा, मधे नाही. कडेवरून बोट फिरवून बघ, जाडी लगेच कळते. दोन मिलिमीटरच्या आसपास पुरे. आणि वरचं पीठ झटकून टाकत जा, ते तव्यावर जळतं.

तव्याची आच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिमूटभर पीठ टाकून बघ, काही सेकंदांनी हळूहळू तांबूस झालं तर तवा तयार, लगेच काळं पडलं तर जास्त तापलाय, आणि पांढरंच राहिलं तर थांब, कारण गार तव्यावर फुलका भाजण्याआधी नुसता सुकत बसतो. चार-पाच फुलके झाले की तवा आपोआप जास्त तापतो, तेव्हा आच थोडी कमी कर आणि जळकं पीठ कोरड्या फडक्याने पुसून घे. नाहीतर पहिले मस्त होतात आणि पुढचे डागाळून कच्चे राहतात, हे तुझ्या व्हिडिओत शेवटी दिसतंच आहे.

उद्या आधी फक्त पहिल्या बाजूची वेळ बदलून बघ, बाकी सगळं तसंच ठेव, म्हणजे फरक कशाने पडला ते नीट कळेल. नवीन व्हिडिओ पाठव, लाटताना हात दिसतील असा काढ. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी ताई