निरंक दाखला आणि माझे ३८ लाख

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी मखमलाबाद शिवारातल्या माझ्या प्लॉटच्या फाटकावर एका पतसंस्थेची जप्तीची नोटीस डकवलेली दिसली. कर्ज आधीच्या मालकाचं, प्लॉट मात्र माझा, निवृत्तीच्या पैशांतून ३८ लाखांना घेतलेला. खरेदीआधी मी नोंदणी खात्याच्या दस्तनोंदींत या प्लॉटचा रीतसर शोध घेतला होता. उत्तर आलं, ‘२०१० ते २०२४, नोंद आढळली नाही.’ तो कागद देव्हाऱ्यात ठेवायचाच काय तो बाकी होता.

गहाणखत निघालं २००८ चं! कागद खोटं बोलला नाही, साहेब. या काळात या मिळकतीवर नवा दस्त नोंदला गेला नाही, एवढंच तो सांगत होता. मग गहाण सोडल्याचा दस्तही नोंदला गेलेला नाही, हे त्याच ओळीत दडलं होतं, आणि मी पेढे वाटले.

एका जुन्या दस्तलेखकानं सूची क्रमांक दोनचा उतारा माझ्यापुढे ठेवला. दस्ताचा प्रकार गहाणखत, रक्कम १२ लाख, लिहून देणार मालक, लिहून घेणार पतसंस्था. बोट ठेवून म्हणाला, “काका, आता याची जोडी शोधायची. गहाण सुटतं तेव्हा नावं उलटी होतात, पतसंस्था लिहून देते. तसा दस्त सापडला नाही तर बोजा उभाच धरायचा आणि पतसंस्थेकडून लेखी घ्यायचं.” खरेदीखताची नोंद म्हणजे बोजा नव्हे, हेही त्याच्याकडूनच कळलं. ‘१५ वर्षं पुरे’ हा सल्ला एजंटाचा. बँका ३० वर्षांचा शोध मागतात, तो काही उगाच नाही.

सातबारा पाहिला नव्हता असं समजू नका. इतर हक्कात बोजा चढलाच नव्हता. तलाठी म्हणतात, कागद आला नाही. नोंदणीवाले म्हणतात, ते आमचं काम नाही. नोंदणी फी मात्र तीस हजार चोख घेतलीत, तिला कोणी ‘आमचं काम नाही’ म्हणालं नाही. अकरा की बारा हेलपाटे झाले, पेट्रोल वेगळंच.

घरबसल्या सगळं दिसेल म्हणालात. दिसतं, शून्य दिसतं! त्या शून्याखाली निदान दोन ओळी छापा: कोणत्या कार्यालयाच्या, कोणत्या वर्षांच्या नोंदी पाहिल्या, आणि त्याआधीचं काही पाहिलेलं नाही. मृत्युपत्र, वारसा, कागदपत्रं बँकेत ठेवून काढलेलं जुनं कर्ज, यांतलं नोंदणीला आलं नसेल ते या दाखल्यात दिसत नाही, हेही लिहा. की त्यालाही समिती लागते? या राज्यात तर खड्डा बुजवायलासुद्धा समिती बसते आणि खड्डा तसाच राहतो.

नोटिशीची मुदत सोमवारी संपते.

आपला,
एक निवृत्त नाशिककर