घणसोली गावातल्या सुतारकाकांना

सुतारकाका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सातवीच्या वर्गातला तिसरा बाक आता हलत नाही, हे आधी सांगते. तुमच्या ओट्यावर मी तो आणला तेव्हा त्याचा एक पाय सुटला होता आणि माझ्या हातात हातोडी नि चार खिळे होते. तुम्ही म्हणालात, "थांब बाय, आधीचे तीन खिळे काय म्हणतात ते बघ." ते तिन्ही सैल झाले होते. बाक डुलला की खिळाही डुलतो आणि आपलंच भोक मोठं करत जातो, हे तुम्ही मला खिळा बोटाने हलवायला लावून दाखवलंत.

तुम्ही स्वतः काहीच केलं नाहीत, हे मला फार आवडलं. आडव्या पट्टीचं टोक, ज्याला तुम्ही कुसू म्हणता, ते पायातल्या आरपार भोकात बसतं. त्यावरचा जुना गोंद पटाशीने खरवडण्यात माझी सगळी दुपार गेली. जुन्या गोंदावर नवा धरत नाही, तो लाकडातच मुरायला हवा. मी गोंदात भुसा कालवून फट बुजवू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, फट दिसायची बंद होईल, पण जोर येणार नाही. म्हणून कुसवाच्या दोन्ही अंगांना सागाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि वाळल्यावर थोड्या थोड्या घासल्या. गोंद न लावता बसवून पाहिलं. हाताने दाबून आत जायला हवं आणि उलटं धरलं तरी पडायला नको. चौथ्यांदा जमलं.

पाचरीच्या वेळी मी चुकणार होते. कुसवाच्या टोकाला उभी चीर देण्यासाठी मी करवत टेकवली आणि तुम्ही माझा हात धरलात. पायाच्या लाकडाच्या रेषा उभ्या आहेत. चीर उभी दिली, तर पाचर पायाला दोन्ही बाजूंनी ढकलते आणि तो रेषेवर उभा फाटतो. चीर आडवी हवी, म्हणजे पाचरीचा जोर वर-खाली, रेषांच्या टोकांवर जातो. हे मी वहीत चित्र काढून ठेवलंय.

मग गोंद लावला, पाचर ठोकली, सुतळीचे वेढे घालून त्यात काठी पिळली. दोन्ही कर्ण दोरीने मोजले, ते बोटभर कमी-जास्त निघाले, तेव्हा तुम्ही फक्त "पुन्हा" म्हणालात. तुम्ही रागावला नाहीत. घरी मला एवढा वेळ कुणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुतळी सोडली. आता त्या बाकावर आम्ही तिघी बसतो.

काका, पाचव्या बाकाची आडवी पट्टीही निखळलीय. बाईंची परवानगी घेतली आहे, आणि त्याचे खिळे मीच काढून ठेवलेत. रविवारी सकाळी येऊ का?

तुमची,
तिसऱ्या बाकावरची