शॉर्टवर्किंगची मुदत न पाळणाऱ्या रॉयल्टी मॉड्यूलबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मुदत संपलेली शॉर्टवर्किंग रॉयल्टीतून वजा होणे

महोदय,

आमच्या प्रकाशनासाठी तुमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले आहे. त्यातील रॉयल्टी मॉड्यूलने एका लेखकाला ६,००० रुपये कमी दाखवले आहेत.

करार साधा आहे. प्रतीमागे २० रुपये रॉयल्टी, वर्षाला किमान ४०,००० रुपये. रॉयल्टी त्याहून कमी भरली तरी लेखकाला किमान रक्कम द्यायची, फरकाची रक्कम शॉर्टवर्किंग म्हणून पुढे ओढायची आणि लगतच्या दोन वर्षांतच, रॉयल्टी ४०,०००च्या वर गेली तर त्या जादा रकमेतून, वसूल करायची.

२०२१-२२ मध्ये १,२०० प्रती खपल्या. रॉयल्टी २४,०००, शॉर्टवर्किंग १६,०००. पुढच्या वर्षी १,७०० प्रती, रॉयल्टी ३४,०००, शॉर्टवर्किंग आणखी ६,०००. २०२३-२४ मध्ये २,५०० प्रतींचे ५०,००० झाले. जादा १०,००० पहिल्या वर्षाच्या १६,०००मधून वळते झाले, लेखकाला ४०,००० दिले. इथपर्यंत तुमचा आकडा बरोबर आहे, आणि म्हणूनच चूक लपली. पहिल्या वर्षाचे उरलेले ६,००० त्या ३१ मार्चला बुडाले. ते नफा-तोटा खात्यात जायला हवे होते. ताळेबंदात मालमत्ता म्हणून फक्त दुसऱ्या वर्षाचे ६,००० उरायला हवे होते. तुमच्या ताळेबंदात १२,००० आहेत, म्हणजे नफाही ६,०००ने फुगला.

२०२४-२५ मध्ये २,७०० प्रतींचे ५४,००० झाले. वसूल होण्यासारखे फक्त ६,०००, म्हणून लेखकाचे देणे ४८,०००. मॉड्यूलने सगळे १२,००० वजा करून ४२,००० काढले. टीडीएसही १० टक्क्यांनी ४,८०० ऐवजी ४,२०० लागला.

कारण उघड आहे. सगळी शॉर्टवर्किंग एकाच शिलकीत टाकली जाते, कोणत्या वर्षाची किती ही नोंदच राहत नाही. करार भरताना ‘वसुली मुदत’ विचारता, पण हिशेबात ती वापरत नाही. पडताळणी सोपी आहे : याच आकड्यांवर मुदत २ ऐवजी १ करून पाहा. मग पहिले १६,००० २०२२-२३ अखेरच बुडायला हवेत, २०२३-२४ मध्ये दुसऱ्या वर्षाचे ६,००० वळून देणे ४४,००० यायला हवे. तुमच्याकडे तेव्हाही ४०,०००च येतात.

तुमच्या प्रतिनिधींनी हाताने जर्नल नोंद टाकायला सांगितले. त्याने शिल्लक जुळेल, पण लेखकाला जाणाऱ्या रॉयल्टी पत्रकात चुकीचाच आकडा छापला जाईल. ते पत्रकच आमच्यातला पुरावा असतो.

तेव्हा शिल्लक वर्षनिहाय ठेवा, वसुली सर्वांत जुन्या वर्षापासून करा आणि मुदत संपताच उरलेली रक्कम नफा-तोटा खात्यात वळवा. दुरुस्त पत्रक १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास चालू वर्षाचे परवाना शुल्क परत करावे. चारही वर्षांची पत्रके आणि कराराचे संबंधित कलम सोबत जोडले आहे.

आपला,
व्यवस्थापक, लेखा विभाग