विषय: टेम्प्लेट लावलं की बदलणारं सूत्र, आणि ‘कार्ड लपवा’ हा तुमचा सल्ला

व्यवस्थापनास,

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला. तक्रार क्रमांक आणि मागचे सगळे मेल तुमच्याकडे आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आमची एजन्सी छोटी आहे, क्लायंट पुष्कळ आहेत आणि त्यांची बजेटं लहान आहेत. कुणी फक्त गूगलवर जाहिरात करतं, कुणी फक्त मेटावर, कुणी दोन्हीकडे. कुणाला चौकशीचे फॉर्म हवेत, कुणाला विक्री. प्रत्येकाचा रिपोर्ट दर महिन्याला हाताने बांधणं आम्हाला परवडत नाही. एकच मास्टर टेम्प्लेट बांधायचं, नव्या क्लायंटला लावायचं आणि डेटा सोर्स बदलायचा, एवढ्यासाठीच तुमचं टूल घेतलं.

मास्टरमध्ये ‘प्रति लीड खर्च’ हे कार्ड असं आहे:

```
SUM(Cost) / SUM(Leads)
```

क्लायंटचा सोर्स जोडला की तुमचं टूल काही न सांगता त्याचं हे करून टाकतं:

```
AVG(Cost / Leads)
```

कार्डाचं नाव तेच राहतं, रंग तोच राहतो, फक्त आकडा खोटा होतो. आमच्या मासिक टेबलात प्रत्येक प्लॅटफॉर्मची एकच ओळ असते. एका क्लायंटचा गूगलवर खर्च 20,000 आणि लीड 100, म्हणजे प्रति लीड 200. मेटावर खर्च 10,000 आणि लीड 20, म्हणजे 500. एकूण 30,000 खर्चात 120 लीड आले, म्हणजे खरा आकडा 250. तुमच्या कार्डावर 350 दिसतात, कारण टूल 200 आणि 500 ची सरासरी काढतं. या क्लायंटशी ठरलेली मर्यादा 300 होती. काम मर्यादेत झालेलं असताना रिपोर्ट म्हणतो की आम्ही पैसे उधळले! त्यांनी मोहीम थांबवायचा मेलही पाठवला होता.

जे क्लायंट एकाच प्लॅटफॉर्मवर आहेत, त्यांच्या रिपोर्टमध्ये ही चूक दिसतच नाही, कारण एकाच ओळीची सरासरी काढली तरी आकडा तोच येतो. तुमच्या टीमने नेमका असाच एक रिपोर्ट तपासला आणि ‘सर्व व्यवस्थित आहे’ असं लिहून तक्रार बंद केली. दोन ओळी असलेला रिपोर्ट उघडा, हे मी आधीच्या मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आता आजचा फोन. मी वरचं सगळं गणित पुन्हा सांगितलं. समोरच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, क्लायंटला हा आकडा पाहायचाच असतो का?” मी म्हटलं, तो त्याच एका आकड्यासाठी रिपोर्ट उघडतो. त्यावर ते म्हणाले, “मग वाद होत असेल तर तुम्ही ते कार्ड लपवून ठेवा.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, वर कार्ड लपवायचं बटण कुठे आहे तेही समजावलं. बटण मला माहीत आहे. ज्या आकड्यावर क्लायंट आम्हाला ठेवायचं की काढायचं ते ठरवतो, तो आकडा आम्ही लपवायचा? हे तुमचं धोरण असेल तर तसं लेखी द्या.

दुसरी गोष्ट लक्ष्याची. टेम्प्लेटमध्ये ‘मुख्य लक्ष्य’ ही रिकामी जागा असायला हवी आणि क्लायंट जोडताना टूलने विचारायला हवं की इथे कोणता इव्हेंट मोजायचा. तुमचं टूल मास्टरमधल्या इव्हेंटचं नाव फिल्टरमध्ये जसंच्या तसं कोरून ठेवतं. मास्टरमध्ये `generate_lead` आहे आणि दुकानवाल्या क्लायंटचा इव्हेंट `purchase` आहे. नाव जुळलं नाही तर टूलने चूक दाखवायला हवी, पण ते शांतपणे 0 दाखवतं. विक्री खरंच झाली नाही तरी 0 आणि फिल्टर चुकला तरी 0. वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? यावरही उत्तर मिळालं की प्रत्येक क्लायंटसाठी वेगळं टेम्प्लेट बनवा. मग टेम्प्लेट या सोयीचे पैसे आम्ही कशाचे देतो?

सोर्स बदलला तरी सूत्र जसंच्या तसं राहिलं पाहिजे. मी हे आधी लिहिलंय, पुन्हा लिहिते, कारण आजवर एकाही उत्तरात त्यावर एक शब्द आलेला नाही. मोठ्या विश्वासाने हे टूल आम्ही ओळखीच्या एजन्सींनाही सुचवलं होतं. त्यांना आता आपापले दोन प्लॅटफॉर्मचे रिपोर्ट तपासायला सांगते आहे.

चालू बिलाची मुदत संपण्याआधी दुरुस्तीची तारीख लेखी कळवा आणि टेम्प्लेटच्या जादा सोयीसाठी घेतलेली रक्कम परत करा. नाहीतर त्याच दिवशी आमचं खातं बंद करा. आणि यापुढे फोन ज्यांना SUM आणि AVG मधला फरक कळतो त्यांनीच करावा.

एक ग्राहक, एजन्सीच्या रिपोर्टिंग विभागातून