तक्त्याखालची 'आधार' ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांत आणि स्मरणिकांत स्वतः तयार केलेल्या तक्त्याखाली 'स्रोत : जनगणना 2011' एवढेच छापण्याची पद्धत रूढ झाली आहे. ही ओळ किती अपुरी पडते, हे मला स्वतःच्या चुकीतून कळले, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या लोकसंख्यावाढीचा एक छोटा तक्ता केला. अंतिम आकड्यांनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 28,08,994 होती आणि 2011 मध्ये ती 30,03,741 झाली, म्हणजे दहा वर्षांत 1,94,747 ने वाढली. इथपर्यंत सारे बरोबर होते. टक्केवारी काढताना मात्र मी या वाढीला 2001 च्या लोकसंख्येने भागण्याऐवजी 2011 च्या लोकसंख्येने भागले आणि 6.93 च्या जागी 6.48 छापले. सांगलीच्या रकान्यातही तेच झाले, 9.24 हवे होते, तेथे 8.46 आले. तक्त्याखाली अर्थातच 'स्रोत : जनगणना 2011' असे मोठ्या ऐटीत लिहिले होते.

एका माजी मुख्याध्यापकांनी जनगणनेचे पुस्तक उघडून पाहिले, तेव्हा त्यांना तेथे 6.93 दिसले. सरकारी पुस्तकातच दोन ठिकाणी दोन आकडे असावेत, असा त्यांचा पहिला समज झाला, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, कारण चुकीचा भागाकार माझा असूनही माझ्या ओळीने तो जनगणना खात्याच्या नावावर घातला होता. अहवालातून उचललेला आकडा कोणता आणि तक्ता करणाऱ्याने बेरीज, वजाबाकी किंवा भागाकार करून काढलेला कोणता, हे त्या ओळीवरून ओळखण्याची सोय वाचकाला नव्हती.

दुसरी उणीव नंतर ध्यानात आली. '2011' म्हणताना नेमके कोणते 2011? त्या गणनेचे अस्थायी आकडे आधी आले आणि अंतिम आकडे दोन वर्षांनी. सांगलीचा अस्थायी आकडा 28,20,575 होता, तर अंतिम आकडा 28,22,143. फरक दीड हजारांच्या आसपासचा, पण एका तक्त्यात अस्थायी आणि शेजारच्या तक्त्यात अंतिम आकडा आला की दोन्ही तक्ते करणाऱ्यांत वाद सुरू होतो, आणि दोघांच्याही तक्त्यांखाली ओळ मात्र तीच असते. शिवाय माझ्या तक्त्यात 2001 चेही आकडे होते, त्यांचा तर उल्लेखच नव्हता.

स्मरणिका पुन्हा छापताना ओळ अशी केली :

'आधार : जिल्हा जनगणना पुस्तिका, सातारा आणि सांगली, जनगणना 2011 (अंतिम आकडे), जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र, 2001 ची लोकसंख्या त्या वर्षीच्या जनगणनेनुसार. वाढीची टक्केवारी 2001 ची लोकसंख्या पाया धरून लेखकाने काढली आहे.'

तक्त्यातले आकडे पुस्तिकेच्या ज्या तक्त्यातून घेतले, त्याचा क्रमांकही जोडावा. जाड पुस्तकात शोधणाऱ्याचा अर्धा तास वाचतो. आकडे मूळ जनगणनेतून न घेता जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातून घेतले असतील, तर समालोचनाचेच नाव द्यावे आणि त्याने जनगणनेचा आधार दिला आहे, असे पुढे लिहावे. न उघडलेल्या पुस्तकाचे नाव तक्त्याखाली घालणे मला तरी अयोग्य वाटते, कारण समालोचनात छपाईची चूक असली तर तीही आपण जनगणनेच्या माथी मारतो.

'सौजन्य' हा शब्द मात्र येथे नको. तो छायाचित्रासाठी किंवा परवानगीने जशाच्या तशा छापलेल्या आलेखासाठी ठीक आहे. आपण स्वतः आखलेल्या स्तंभालेखाला, ज्याच्या अहवालात असा आलेखच नाही, त्याचे सौजन्य कसे लाभणार? आपल्याकडच्या सरकारी प्रकाशनांत तक्त्याखाली दिसणारा 'आधार' हा शब्द यासाठी अधिक नेमका आहे.

दैनिकाच्या एका रकान्यात एवढी ओळ मावत नाही, याची मला कल्पना आहे. जागा नसेल तेव्हा संचालनालयाचे नाव आणि तक्त्याचा क्रमांक गाळला तरी हरकत नाही. परंतु 'अंतिम आकडे' आणि 'टक्केवारी आमची' एवढे शब्द आपल्या उपसंपादकांनी ठेवावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली