गळालेले सभासद नेमके कोण, हे दाखवून दिल्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

बँकेतून निवृत्त झाल्यावरही आपण आमच्या वाचनालयासाठी वेळ काढलात आणि वर्गणीची वही, पावतीपुस्तके व बँकेचा खातेउतारा शेजारी ठेवून एकेक नाव जुळवलेत, त्याबद्दल कार्यकारिणीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानतो.

सभासदाने शेवटचे पैसे कधी भरले यापेक्षा ते कोणत्या महिन्यापर्यंतचे भरले हे पाहावे, हा आपला आग्रह परभणीसारख्या जिल्ह्यात फार मोलाचा ठरला. आमची वर्गणी महिना 50 रुपये असली, तरी अनेक शेतकरी सभासद सोयाबीन विकल्यावर वर्षाची रक्कम एकदम देतात. अशाच एका सभासदांनी नोव्हेंबर 2024 मध्ये 600 रुपये भरले होते. जून 2025 मध्ये त्यांच्या नावापुढे सात महिने काहीच जमा दिसत नव्हते, पण त्यांची वर्गणी ऑक्टोबरपर्यंत पूर्ण होती. याउलट एका शिक्षिकाबाईंची एप्रिलमधली 500 रुपयांची देणगी ताजी दिसत होती आणि वर्गणी मात्र डिसेंबरलाच थांबली होती. आपण देणगी व वर्गणी वेगळ्या रकान्यांत मांडलीत आणि पुढचे सूत्र लिहून दिलेत:

```
=EDATE(C2, INT(D2/50))
```

C2 मध्ये वर्गणी मोजायला सुरुवात केलेल्या महिन्याची 1 तारीख आणि D2 मध्ये तेव्हापासूनची फक्त वर्गणीची बेरीज घातली, की न भरलेला पहिला महिना मिळतो. वर्गणीचा दर बदलला, तर त्या महिन्यापासून नवी सुरुवात धरावी लागते, हेही आपण बजावलेत.

बाईंची वर्गणी यूपीआय ऑटोपेने येत असे. खात्यात शिल्लक नसली तर फसलेल्या वसुलीची नोंद तरी मिळते. परंतु दिलेल्या मंजुरीची मुदतच संपली, की पुढच्या महिन्यापासून वसुलीची मागणीच जात नाही आणि उताऱ्यात काहीही उमटत नाही. म्हणून दर महिन्याला कोणाकडून किती यायला हवे याची यादी आधी करून ती उताऱ्याशी ताडून पाहायची, ही आपली पद्धत आम्ही आता कायम ठेवली आहे. बाईंना संस्था सोडायचीच नव्हती. एक फोन जाताच त्यांनी नवी मंजुरी देऊन थकबाकीही भरली.

हा फरक केवळ हिशेबाचा नाही. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम 15 नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेची मतदारयादी आम्ही याच तक्त्यावरून काढत आहोत. ती फलकावर लावण्याआधी एकदा आपल्या नजरेखालून जावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
कोषाध्यक्ष